बारा हजार तोंडांचा वेढा

कल्पित राज्यांच्या कादंबरीत वेढ्याचे प्रकरण बहुतेक वेळा तटापासून सुरू होते. लेखक तटाची उंची ठरवतो, बुरूज मोजतो, शिड्या लावतो आणि तिसऱ्या रात्री दरवाजा पाडतो. वाचकाला दृश्य दिसते, पण वेढ्याची किंमत जाणवत नाही, कारण त्या तीन रात्रींत कोणी काय खाल्ले हे लेखकालाच ठाऊक नसते. खरे वेढे महिनोन्महिने चालत आणि त्यांचा निकाल पुष्कळदा दाणा, वैरण आणि पावसाळा मिळून लावत.

या प्रकरणात आपण एक कल्पित वेढा पायापासून मांडणार आहोत. गडाला कातळगड म्हणू. डोंगराळ मुलूख, चार महिने धो धो पाऊस, बाकीचे आठ महिने कोरडे. वेढा घालणारे सैन्य उभे करण्यासाठी नमुना म्हणून सतराव्या शतकातले मराठी सैन्य घेऊ, कारण त्याची रचना आकड्यांसह लिहून ठेवलेली आहे आणि त्या आकड्यांतून पुरवठ्याचा विचार सरळ दिसतो.

पदे वरून नव्हे, खालून रचा

कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत शिवकालीन सैन्याची जी रचना दिली आहे, ती साधी आहे. पायदळात दहाच्या आसपास माणसांवर एक नाईक, पाच नाईकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर हजारी. घोडदळात पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी. म्हणजे घोडदळातला हजारी प्रत्यक्षात 1,250 घोड्यांचा धनी. पायदळ आणि घोडदळ या दोघांच्याही माथ्यावर आपापला सरनोबत.

याच रचनेतली एक नोंद कादंबरीकाराने कायम लक्षात ठेवावी. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पखालजी पाणी वाहणार, नालबंद नाल ठोकणार. म्हणजे पंचवीस ही संख्या लढाईपुरती नाही. एका माणसाच्या देखरेखीत किती घोड्यांना पाणी आणि नाल पुरवता येतील, याचाही अंदाज तिच्यात आहे.

तुमच्या सैन्याची पदे अशीच खालून रचा. आधी एका चुलीवर जेवणारी माणसे ठरवा. तो झाला नाईकाचा गट. मग किती चुलींचा शिधा एक माणूस रोज मोजून वाटू शकेल ते ठरवा. तो हवालदार. किती हवालदारांची हजेरी एका कारकुनाला लिहिता येईल, त्यावर जुमलेदार. प्रत्येक पदाला एक मोजायची वस्तू आणि एक उत्तर देण्याची जागा मिळाली, की पदनाम कितीही अद्भुत असले तरी वाचकाला ते पद खरे वाटते. ज्या पदाच्या हातात मोजण्यासारखे काहीच नाही, ते कथेतून काढून टाकले तरी चालते.

घोडदळात आणखी एक भेद ठेवा. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला असतो, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा मेला तर बारगिराला दुसरा मिळण्याची आशा असते. शिलेदाराचे मात्र भांडवलच जाते आणि उद्या त्याला दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसावे लागते. वैरण कमी पडली की हे दोघे एकाच छावणीत वेगळे वागू लागतात. शिलेदार घोडा जपतो, लांबची कामगिरी टाळतो, रात्री निघून जाण्याचा विचार करतो. तो भित्रा आहे म्हणून नव्हे, त्याचे घर त्या घोड्यावर उभे आहे म्हणून.

तोंडे मोजा

कातळगडासमोर आपण पाच हजार पायदळ आणि एक हजारी घोडदळ, म्हणजे 1,250 स्वार आणून ठेवू. लढणारे झाले 6,250. आता त्यांच्यामागचे बाजारबुणगे मोजा. पखालजी, नालबंद, गवत कापणारे, तोफांचे बैल हाकणारे, मोर्चे आणि सुरुंग खणणारे बेलदार, सुतार, लोहार, आचारी, दाणे विकणारे व्यापारी, त्यांची बायकापोरे. लढणाऱ्यांपेक्षा ही माणसे थोडी कमीच धरू, 5,750. छावणीत एकूण बारा हजार तोंडे झाली. शिवाय तोफा ओढायला आणि छावणीतले ओझे वाहायला एक हजार बैल.

हिशेब समजायला सोपा जावा म्हणून आपण किलो आणि टन वापरू. कथेत मण-खंडी किंवा तुमचे स्वतःचे माप येऊ द्या, फक्त ते शेवटपर्यंत तेच ठेवा.

माणशी रोज एक किलो दाणा धरला तर बारा टन. घोड्याची चंदी, म्हणजे हरभऱ्यासारखा दाणा, चार किलो धरली तर पाच टन. रोजचा दाणा सतरा टन झाला. वैरण वेगळी. घोड्याला आणि बैलाला प्रत्येकी आठ किलो वाळली वैरण धरली तर 2,250 जनावरांना रोज अठरा टन लागते. पाणी माणशी चार लिटर आणि जनावरामागे तीस लिटर धरले, तर दिवसाला एक लाख लिटरच्या वर जाते. छावणी कुठे पडणार हे या शेवटच्या आकड्यावरून ठरते. सेनापतीला गडाच्या दरवाजासमोर तंबू ठोकायचा असेल, पण वाहते पाणी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला असेल तर निम्मी छावणी तिकडेच पडेल आणि दरवाजासमोरचा मोर्चा विरळ राहील.

बैल आपलेच ओझे खातो

सतरा टन दाणा येणार कुठून? राज्याची मोठी पेठ 120 किलोमीटरवर आहे असे धरू. त्या काळी दख्खनच्या सैन्यांना दाणा पुरवत ते वंजारी, म्हणजेच लमाण. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून त्यांचे तांडे चालत. बैलामागे शंभर किलो आणि दिवसाला बारा किलोमीटर धरा. चाल एवढी मंद, कारण बैल वाटेत चरत जातो. पेठेहून यायला दहा दिवस, परत जायला दहा.

रोज सतरा टन म्हणजे रोज 170 बैलांचे ओझे. एका बैलाची फेरी वीस दिवसांची, म्हणून वाटेवर कायम 3,400 बैल चालते असायला हवेत. अवघड आहे, पण शक्य आहे.

आता गडाच्या बाजूच्या एखाद्या हुशार सरदाराने पेठेच्या वाटेवरचे गवत जाळले असे समजा. चरायला काही नाही, तेव्हा बैलाने स्वतःची वैरणही पाठीवर घ्यायला हवी. रोज आठ किलो, वीस दिवसांची 160 किलो. ओझे उचलण्याची ताकद मात्र शंभरच किलो. म्हणजे बैल छावणीत पोहोचून परत जायचा, तर एक दाणाही पोहोचवू शकत नाही. शंभर किलो त्याला साडेबारा दिवस पुरतात. जाऊन-येऊन तेवढ्यात भागवायचे, तर सहा दिवसांच्या वाटेपलीकडची, म्हणजे साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरपलीकडची कोणतीही पेठ या सैन्याच्या दृष्टीने नसल्यासारखीच.

बैल वाढवून हे गणित सुटत नाही. प्रत्येक नवा बैल आपले पोट घेऊनच येतो. सुटका तीनच मार्गांनी होते: जवळचा मुलूख लुटून, नावांनी माल आणून किंवा मध्ये ठाणी बसवून तिथे आधीच वैरण साठवून. प्रत्येक ठाण्याला पहारा लागतो आणि तो पहारा वेढ्यातूनच काढावा लागतो. कथेतला नकाशा काढताना नदी कुठे आहे हे म्हणूनच आधी ठरवा. नावेतून येणारा दाणा वाटेत खाल्ला जात नाही.

पुरवठ्याची वाट तुटली की काय होते, याचे मराठी वाचकाच्या मनात कोरलेले उदाहरण पानिपत आहे. ऑक्टोबर 1760 च्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठी सैन्य आणि दिल्ली यांच्या मध्ये आला. भाऊसाहेबांच्या छावणीत लढणाऱ्यांखेरीज बाजारबुणगे आणि यात्रेकरू मोठ्या संख्येने होते. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले. अब्दालीची रसद मारण्याचे काम त्यांच्याकडे होते, ते थांबले आणि मराठ्यांकडे येणारी मदतही आटली. 14 जानेवारी 1761 ला सैन्य छावणीबाहेर पडले ते उपाशी होते. तिथे कोणताही तट नव्हता, तरी तो वेढाच होता.

वैरणीचे वर्तुळ

दाणा लांबून आणता येतो. अठरा टन वैरण लांबून आणणे जवळपास अशक्य, कारण ती जागा फार खाते. ती आसपासच कापावी लागते. वैरण आणायला निघणाऱ्या टोळीला जुन्या मराठीत ‘कही’ म्हणत, आणि वेढ्यातला सर्वात नाट्यमय प्रसंग या कहीच्या वाटेवर घडू शकतो.

एकरी अर्धा टन वाळले गवत मिळते असे धरा. रोज छत्तीस एकर कापले जाणार. डोंगर, जंगल, खडक आणि कापणी झालेली शेते सोडून एकूण जमिनीच्या दहाव्या हिश्शातच कापण्याजोगे गवत आहे असेही धरा. गडकऱ्यांनी वेढा पडण्यापूर्वी भोवतालचे तीन किलोमीटर जाळून ठेवले आहेत. एवढे गृहीत धरले, तर महिनाअखेरीस गवत सरळ रेषेत पाच किलोमीटरवर गेलेले असते, तीन महिन्यांनी सातवर. घाटवाटांनी ते अंतर दुप्पट होते. पहिल्या आठवड्यात दुपारपर्यंत परतणारी कही आता पहाटे निघून अंधारात परतते, आणि पुढे तिला रात्र बाहेर काढावी लागते.

तिच्या रक्षणाला रोज अडीचशे-तीनशे स्वार द्यावे लागतात. त्यांचे घोडे दिवसभर चालतात, म्हणून जास्त खातात. जेवढी वैरण लांब, तेवढी तिची गरज जास्त. ज्या दिवशी कही बाहेर, त्या दिवशी वेढ्याचा फास सैल. गडावरचा एखादा जाणता माणूस फक्त कहीची धूळ मोजून सांगू शकतो की छापा कोणत्या रात्री घालावा. तुमच्या नायकाला शत्रूचे गुपित कळायला गुप्तहेराची गरज नाही, त्याला मोजता आले की पुरे.

अर्धपोटी घोडा लगेच मरत नाही. आधी त्याच्या फासळ्या दिसतात, मग खोगीर सैल बसून पाठीवर जखमा होतात, मग तो चालतो पण दौडत नाही. म्हणून छावणीचा उतार दाखवायचा असेल तर मेलेल्या घोड्यांच्या आधी हातात लगाम धरून पायी चालणारे स्वार दाखवा.

गडावरचे कोठार

आता तटाच्या आत जाऊ. कातळगडावर सहाशे लढणारे आणि चारशे इतर माणसे आहेत. रोज एक टन दाणा. सहा महिन्यांचे 180 टन त्यांच्या अंबारखान्यात आहेत. ही साठवण खाली बसलेल्या छावणीला अकरा दिवसही पुरणार नाही. गडाची भूक लहान असते आणि गडाची जनावरे मोजकी, यातच त्याचे बळ आहे.

गडाच्या मर्यादा वेगळ्या. पहिली पाण्याची. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्याची जागा निवडताना आधी पाणी पाहावे असे सांगितले आहे, आणि झऱ्यावर विसंबू नये असेही, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून साठवणीची टाकी हवीत. दुसरी मर्यादा जळणाची. कोठारात ज्वारी भरलेली असून चुलीला लाकूड नाही, अशी वेळ आली की माणसे छपरांचे वासे काढतात. तिसरी मर्यादा बातमीची. बाहेर काय चालले आहे हे कळत नसले, की भरलेल्या कोठारावर बसलेला माणूसही खचतो.

इथेही पदे कामाला येतात. शिवकाळात गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि सरनोबत अशा तिघांवर असे. कोणाही एकाला गड परस्पर शत्रूच्या हाती देता येऊ नये, ही त्यामागची खबरदारी. धान्य आणि सामानाचा हिशेब कारखानीस ठेवी. कथेत याचा अर्थ असा की गड फोडायला एक फितूर पुरत नाही. एकाला पैसा हवा असेल, दुसऱ्याला मुलाबाळांची काळजी असेल, तिसरा मरेपर्यंत लढू म्हणत असेल, तर तटाच्या आतच तीन बाजूंची लढाई उभी राहते. आणि कोठारात खरोखर किती उरले आहे हे चौथ्यालाच, कारखानिसाला ठाऊक असते.

हजेरीतली मेलेली माणसे

रसद कमी पडू लागली की पदांच्या उतरंडीतून दोन गोष्टी उलट दिशांना वाहतात. शिधा वरून खाली येतो आणि प्रत्येक पायरीवर थोडा घटतो. बातमी खालून वर जाते आणि प्रत्येक पायरीवर थोडी सुधारते.

एका नाईकाचे दहा शिपाई आहेत. हगवणीने तीन गेले. तो हे सांगत नाही, कारण सांगितले तर शिधा सातांचा मिळेल.

“दहा जणांचा शिधा द्या, हवालदार.”

“मला सातच दिसतात.”

“तिघे पडून आहेत. शिजवून नेऊन देतो.”

हवालदाराला कळते, पण त्याच्या पाचही नाईकांचे तेच चालले आहे आणि त्याचाही वाटा त्यातूनच निघतो. तो पन्नास लिहितो. जुमलेदार शंभर लिहितो, हजारी हजार. सेनापती नकाशावर हजार माणसांचा हल्ला आखतो आणि शिडीला सातशे लागतात. उलटलेल्या हल्ल्याचे कारण जादूत किंवा दैवात शोधावे लागत नाही, ते शिध्याच्या वहीत आधीच लिहिलेले असते.

ही लबाडी राज्यांना माहीत होती. मोगलांनी घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायांचे चेहरे, म्हणजे वर्णन, लिहून ठेवण्याची पद्धत तिला आळा घालण्यासाठीच चालवली. तुमच्या कथेत गणती घेणारा एखादा कारकून वेढ्याच्या मध्यावर छावणीत पाठवा. तलवार न उपसता तो सर्वांना घाबरवील.

अद्भुत प्राण्यालाही पोट असते

तुमच्या सैन्यात पंख असलेले पाच मांसाहारी प्राणी आहेत असे समजा, प्रत्येकी दोन टन वजनाचे. वाघ-सिंहांचा आहार वजनाच्या मानाने पाहिला, तर अशा प्राण्याला रोज साठ किलो मांस धरणे वाजवी आहे. एका बकऱ्याचे बारा ते पंधरा किलो मांस निघाले, तर प्राण्यामागे चार-पाच बकरे. पाचांना रोज वीस-पंचवीस, तीन महिन्यांत दोन हजारांच्या आसपास. तेवढी खांडे आसपासच्या धनगरांकडून हिसकावून आणावी लागतील आणि तोच मुलूख सैन्याचा वैरी होईल. प्राणी उडतो म्हणून त्याची रसद उडत येत नाही.

मंत्राने धान्य निर्माण होणार असेल, तर त्या मंत्रालाही खर्च लावा: रोज किती, कोणाच्या अंगातून, किती दिवस. हद्द नसलेला मंत्र वेढा संपवतो आणि कथाही.

दिनदर्शिका आणि जिंकल्यानंतरचा खर्च

आता सगळे आकडे एका दिनदर्शिकेवर मांडा. वेढा जानेवारीच्या मध्यावर बसला. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात. हाती साधारण 140 दिवस. गडावर दाणा 180 दिवसांचा. म्हणजे उपासमारीने गड पडणार नाही हे सेनापतीला पहिल्या दिवसापासून ठाऊक असायला हवे. उरतात सुरुंग, चढाई, फितुरी आणि तह. 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंगांनी पुरंदराला वेढा दिला, तेव्हा आधी शेजारचा वज्रगड घेतला, भोवतालचा मुलूख जाळला, आणि तह झाला तो जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. घाई दोन्ही बाजूंना होती.

दिनदर्शिकेवर चार रेषा काढा: गवताचे अंतर, छावणीतला ज्वारीचा भाव, घोड्यांची संख्या, हजेरी आणि खरी माणसे यांतला फरक. प्रत्येक प्रसंग लिहिण्याआधी त्या तारखेला या चार रेषा कुठे आहेत ते पाहा. चाळिसाव्या दिवशी सेनापती औदार्याने तह नाकारू शकतो. एकशे विसाव्या दिवशी तोच माणूस गडकऱ्याला पैसे देऊ करील. त्याचा स्वभाव बदललेला नसेल, त्याच्या घोड्यांच्या फासळ्या दिसू लागलेल्या असतील.

गड पडल्यावर रेषा थांबवू नका. 1702 मध्ये औरंगजेबाने खेळणा, म्हणजे विशाळगड, घेतला, तोही अखेर गड लढवणाऱ्या परशुराम त्र्यंबकांना पैसे देऊन, जूनच्या पावसात. तिथून पन्हाळ्यापर्यंतची सुमारे तीस मैलांची वाट कापायला त्याच्या सैन्याला सव्वा महिन्याच्या वर लागला. ओढे-नद्या भरलेल्या, वाटेवर चिखल, ओझ्याची जनावरे मरत होती, सामान मागे टाकावे लागत होते. गड हाती आला आणि तो घेणारे सैन्य परतीच्या वाटेवर झिजले.

कातळगडाचा विजयही असाच लिहा. किती बैल उरले, किती शिलेदार बारगीर झाले, ज्या खेड्यांची वैरण आणि शेळ्या नेल्या त्यांनी पुढच्या पेरणीला काय केले, हजेरीतल्या मेलेल्यांचा पगार कोणी घेतला, हे पुढच्या प्रकरणात येऊ द्या. पुढच्या मोहिमेला हा राजा कमी घोड्यांनिशी आणि जास्त कर्जानिशी निघेल, आणि तो का हरला हे तेव्हा कोणाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.